शिट्टी काढून ठेवलेला कुकर

कुकरच्या झाकणावरची शिट्टी काढून कट्ट्यावर ठेवायची, आत इडलीचा स्टँड ठेवून झाकण लावायचं आणि गॅस मोठा करायचा. दोन-तीन मिनिटांत त्या मोकळ्या नळीतून पांढरा फवारा सुसाट वर जायला लागतो. एकदा थोडं वाकून, चेहरा लांब ठेवून, त्याच्याकडे बाजूने बघा. नळीचं तोंड जिथे संपतं आणि पांढरं जिथे सुरू होतं, त्यांच्यामध्ये साधारण अर्ध्या पेराएवढी जागा रिकामी दिसते. तिथे काहीच नाही असं वाटतं. खरी वाफ असते ती तिथेच. वाफ हवेसारखी पारदर्शक असते, दिसत नाही. वर जे पांढरं दिसतं ते वाफ थंड होऊन परत पाणी झालेले बारीक थेंब आहेत, आपल्या श्वासाच्या थंडीतल्या धुक्यासारखे.

मी चाळिशीत आल्यावर हे पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी इडल्या लावल्या की त्या अर्ध्या पेराकडे नजर जातेच. कारण इडली शिजवण्याचं सगळं काम ती न दिसणारी वाफ करते, आणि ते काम ती स्वतः नाहीशी होऊन करते.

एक ग्रॅम बर्फगार पाणी उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या ग्रॅमभर पाण्याची वाफ करायची तर वर आणखी सुमारे 540 कॅलरी घालाव्या लागतात, आणि एवढं घालूनही तापमान एका अंशाने वाढत नाही. शाळेच्या पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हटलेलं असतं. तो वाफेत लपून बसतो. कुकरमध्ये ही वाफ वर चढते, गार पिठाला भिडते, तिथल्या तिथे पाण्याचा थेंब होते आणि लपवलेल्या 540 कॅलरी त्या पिठाच्या हवाली करते. भट्टीत 100 अंशांच्या कोरड्या हवेत क्षणभर हात घालून काढता येतो, पण 100 अंशांची वाफ हाताला लागली तर लगेच फोड येतो. दोन्हीकडे अंश तेवढेच असतात, फरक त्या हवाली केलेल्या उष्णतेचा असतो.

आता एका इडलीचा हिशेब करू. एका खळग्यात साधारण 50 ग्रॅम पीठ बसतं. ते 27 अंशांवरून 97 अंशांवर न्यायचं, म्हणजे 70 अंश चढवायचं. पिठात तांदूळ-उडीद असल्यामुळे ते पाण्याहून थोडं लवकर तापतं, म्हणून ढोबळमानाने 2,800 कॅलरी धरू. भागिले 540 केलं की पाच ग्रॅमच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे अख्खी इडली शिजायला जेमतेम एक चहाचा चमचा वाफ पुरते! सोळा इडल्यांना मिळून अर्ध्या वाटीहून थोडंसं जास्त पाणी. आणि हा चमचाभर पाण्याचा थर इडलीवरच जमतो, बराचसा पिठात मुरतो. म्हणून इडली कधी कोरडी पडत नाही, आणि तापमान 100 च्या वर जात नसल्यामुळे तिला भाजल्याचा रंगही येत नाही. उरलेल्या इडल्या दुसऱ्या दिवशी तव्यावर तेलात परतल्या की त्याच पिठाला खरपूस पापुद्रा येतो, कारण तवा 100 अंशांच्या पुष्कळ वर जातो.

मग एवढ्या थोड्या वाफेवर भागतं, तर नळीतून इतकी वाफ वाया का जाऊ द्यायची? शिट्टी लावून ती आत का कोंडायची नाही? मला वर्षानुवर्षं वाटायचं, शिट्टीमुळे इडली जास्त शिजत असेल, एवढंच. खरं कारण बुडबुड्यांत आहे.

रात्रभर आंबलेलं पीठ म्हणजे फेस. डावभर पीठ वरून सोडून पाहा, जड घडी पडावी तसं ते पडतं आणि आत हजारो बारीक बुडबुडे दिसतात. आंबवणाऱ्या जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यांत भरलेला असतो. हे पीठ तापायला लागलं की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे बुडबुडे फुगतात. वायू तापून पसरतो हे एक, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की भोवतालच्या ओल्या पिठातून बुडबुड्यात पाण्याची वाफ शिरते. 80 अंशांला पोचेपर्यंत त्यातल्या दाबाचा जवळजवळ अर्धा वाटा वाफेचाच असतो. गणित मांडलं तर बुडबुडा तोवर सुरुवातीच्या दुपटीच्या आसपास जायला बघतो. दुसरीकडे तांदळाचा स्टार्च साधारण 70 ते 80 अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि घट्ट होत जातो. उडदाची प्रथिनंही आळतात. बुडबुडा फुगून झाला आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या भिंती आळल्या, की इडली हलकी होते. म्हणजे ही शर्यत आहे, आणि दोघांनी मिळूनच रेषा ओलांडायला हवी.

शिट्टी लावली की या शर्यतीत तिसरा गडी घुसतो. घरगुती कुकरमधला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो, आतलं तापमान 120 अंशांकडे जातं. इडलीच्या कडा तोवर आळलेल्या असतात, पण मधला गर अजून मऊ असतो, आणि त्यातल्या बुडबुड्यांवर बाहेरून दुप्पट दाब बसतो. त्याच गणिताने पाहिलं तर 80 अंशांला ते दुप्पट होण्याऐवजी सुरुवातीच्या पाऊणपटच उरतात. मध्ये गिच्च गोळा तयार होतो. त्यावर शिट्टी झाली की दाब एकदम उतरतो, 100 च्या वर गेलेलं पिठातलं पाणी एका झटक्यात वाफ होऊन बाहेर धावतं आणि इडली जागोजागी फाटते. शिट्टी लावून काढलेली इडली मधून चिकट आणि वरून खड्डे पडलेली का असते, ते मला हे कळल्यावर उमगलं. डाळ-तांदळाला दाब चालतो, कारण तिथे दाण्यात फेस नसतो.

शिट्टीशिवायचा कुकर आणि बाजारात मिळणारं इडलीपात्र ही म्हणून एकच गोष्ट आहे. इडलीपात्राच्या झाकणाला एखादं भोक असतं किंवा झाकण सैल बसतं, कुकरला रबरी रिंगेमुळे बाकी सगळं बंद आणि एक नळी मोकळी असते. दोन्हींत आतला दाब बाहेरच्या हवेएवढाच राहतो. दोन्हींत वेळही जवळपास सारखाच लागतो.

नळीतून जाणारी वाफ वाया जाते असंही नाही. कुकर बंद केला तेव्हा आत हवा भरलेली असते. वाफेत हवा मिसळलेली असली की ती पिठाच्या अंगाला चिकटून राहते, वाफेला थेट भिडू देत नाही आणि तिथलं तापमान कमी राहतं. पहिल्या एक-दोन मिनिटांत वाफ त्या हवेला नळीतून बाहेर हाकलते. नळीतून नुसतं अधूनमधून फुसफुसतंय तोवर आत हवा आहे असं समजावं. फवारा सलग, सरळ, न थांबता यायला लागला की आत फक्त वाफ राहिली आहे. घड्याळ लावायचं ते इथून. पाककृतीत दहा मिनिटं लिहिलेली असतात आणि लोक गॅस पेटवल्यापासून मोजतात, मग इडल्या कच्च्या निघाल्या की पिठाला दोष देतात.

माझ्या शेजारी धारवाडकडच्या एक अक्का राहायच्या. त्यांच्याकडून मी हे शिकले. त्यांची पद्धत पुढीलप्रमाणे होती, आणि आमच्या चार ताटल्यांच्या, सोळा इडल्यांच्या स्टँडला ती अजूनही जशीच्या तशी लागू पडते.

कुकरमध्ये आधी दोन-अडीच पेले, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. तळाच्या ताटलीला ते टेकता कामा नये, उकळून उसळलं तरीही, म्हणून दोघांत बोटभर तरी अंतर ठेवायचं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून त्यात लिंबाची एक साल. मग एक गोष्ट त्या विसरायच्या नाहीत. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघायच्या. डाळीचं एखादं सालपट आत अडकलं असेल तर शिट्टी नसूनही दाब चढतो. तसं दिसलं तर सुईने मोकळी करायची आणि मगच झाकण लावायचं.

पाणी आधी उकळू द्यायचं, मग स्टँड आत ठेवायचा. गार पाण्यात गार स्टँड ठेवून दोन्ही एकत्र तापवले तर पीठ हळूहळू कोमट होत बसतं, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वरच्या पृष्ठभागाला येऊन फुटतात. भिंती आळेपर्यंत आतला बराचसा वायू निसटलेला असतो. उकळत्या पाण्यावर ठेवलं की पहिल्याच मिनिटात वाफ तुटून पडते.

ताटल्यांना तेलाचा हात, खळग्यात पीठ काठाच्या थोडं खालपर्यंत. ताटल्या एकावर एक अशा फिरवून बसवायच्या की खालच्या ताटलीच्या इडलीवर वरच्या ताटलीचा खळगा न येता मोकळी जागा येईल. नाहीतर फुगलेली इडली वरच्या तळाला चिकटते. फवारा सलग झाला की आच मध्यम करायची. फवारा तुटू नये एवढी आच पुरते. त्याहून मोठी ठेवली तर पाणी उसळून तळाची ताटली भिजते. खालच्या चार इडल्या लगद्यासारख्या झाल्या तर पिठाची काही चूक नसते.

आणि वेळ? घड्याळ लावल्यापासून दहा मिनिटं, सोळा इडल्यांचा भरलेला स्टँड असेल तर बारा. मी हे नुसतं पाठ केलं होतं, का ते नंतर कळलं. वाफ बाहेरून लगेच येते, पण इडलीच्या पोटापर्यंत उष्णता पिठातूनच झिरपत जाते, आणि झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ जवळजवळ चौपट. मधोमध अडीच सेंटिमीटर जाडीची इडली असली की पोट 80 अंशांच्या पुढे जायला आठ मिनिटांच्या आसपास लागतात. वरची दोन-चार मिनिटं स्टार्च नीट आळायला. लहान मुलांच्या डब्यातल्या बटण इडल्या म्हणूनच पाच-सहा मिनिटांत होतात. दुसऱ्या टोकाला कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातली नैवेद्याची इडली. लांबट टोपलीत पानं लावून तिचं पीठ भरतात आणि ती तासन्तास वाफवतात. पीठ तांदूळ-उडदाचंच असतं, मिरी-सुंठ घातलेलं, पण जाडी हातभर टोपलीची. घरी खोलगट वाट्यांत इडली लावायची हौस असली तर हे लक्षात ठेवावं. दुप्पट जाड वाटी लावून पाचच मिनिटं वाढवली तर मध्ये पीठ राहणारच.

उंचीचाही थोडा फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला 96 च्याही खाली. शिट्टीशिवायच्या कुकरात वाफही तेवढ्याच अंशांची असते. मुंबईहून पाचगणीला मुक्कामाला गेलात आणि तिथे इडल्या लावल्या, तर मिनिट-दोन मिनिटं जास्त धरा.

पण घड्याळ नेहमीच पुरेसं नसतं, हे अक्कांचं ठाम मत. पीठ कधी पातळ, कधी फ्रिजमधून काढलेलं गार. त्यामुळे बघायला यायलाच हवं. पहिल्यांदा मी झाकण उघडून टूथपिक खुपसायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं थांब, आधी चकाकी बघ."

कच्च्या पिठाचा पृष्ठभाग ओला, चकचकीत दिसतो, त्यावर खिडकीचा उजेड पडलेला दिसतो. शिजलेल्या इडलीचा पृष्ठभाग मंद, मखमली होतो. उजेड त्यावर पसरतो, त्याची आकृती दिसत नाही. मधोमध रुपयाएवढा डाग अजून चकाकत असेल तर तिथलं पोट झालेलं नाही. हे ओळखू यायला तीन-चार रविवार लागतात, मग चूक होत नाही. त्यानंतर बोट पाण्यात बुडवून मधोमध हलकं टेकवायचं. झालेल्या इडलीला पीठ बोटाला लागत नाही, आणि दाबलेला खड्डा सावकाश वर येतो. शेवटी खात्री म्हणून ओली सुरी किंवा टूथपिक मधोमध उभी घालायची, ती स्वच्छ निघायला हवी. ही परीक्षा मधल्या ताटलीतल्या इडलीवर करावी, वरच्या नाही, कारण चार ताटल्यांच्या गर्दीत मधल्यांपर्यंत वाफ सगळ्यात उशिरा पोचते. झाकण न उघडता मिळणारी एक खूणही आहे. सुरुवातीला फवाऱ्याला आंबट, पिठाचा वास येतो. इडल्या होत आल्या की तो मावळतो आणि गरम भाताचा वास यायला लागतो.

कच्च्या असल्या तर झाकण लावून आणखी दोन मिनिटं. मात्र पहिल्या सात-आठ मिनिटांत उत्सुकतेने उघडू नका. आतली वाफ क्षणात निसटते, बुडबुड्यांतली वाफ पाणी होते, आणि भिंती अजून न आळलेली इडली खाली बसते. ती परत फुगत नाही. उलट वीस-वीस मिनिटं ठेवली तरी इडली बिघडते. स्टार्च पाणी पीत राहतो, जाळी आवळते आणि इडली रबरासारखी चिवट लागते.

वरच्या ताटलीच्या इडल्या डागाळलेल्या, जागोजागी ओल्या निघतात, ती तक्रारही नेहमीची. झाकणाला वाफ लागून थेंब जमतात आणि खाली टपटपतात. इडलीपात्राच्या झाकणाला आतून पातळ फडकं बांधलं की ते थेंब पितं. कुकरमध्ये फडकं कधीही बांधू नका. ते नळीच्या तोंडाशी ओढलं जाऊन ती बुजू शकते, आणि मग शिट्टी नसलेला कुकर दाब धरायला लागतो. कुकरसाठी अक्कांचा उपाय असा. सगळ्यात वर एक रिकामी ताटली उलटी ठेवायची. थेंब तिच्या पाठीवर पडून कडेने ओघळतात.

शिट्टी नसलेला कुकर पाणी संपल्याची वर्दी देत नाही. शिट्टीच्या आवाजाची सवय असलेल्या कानाला ते कळतच नाही. एकदा मी वीस माणसांसाठी एकापाठोपाठ एक घाणे लावले होते आणि तिसऱ्या घाण्याला पाणी घालायला विसरले. फवारा आपोआप कमी झाला, मला वाटलं आच कमी झाली, म्हणून मी ती मोठी केली. जळका वास आला तेव्हा कुकर कोरडा होता, तळ निळा-तपकिरी झाला होता आणि झाकणाचा सेफ्टी वॉल्व्ह मात्र जागचा हलला नव्हता. तो उष्णतेने वितळतो, पण झाकण तेवढं तापलेलंच नव्हतं. अशा वेळी कुकरमध्ये लगेच गार पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून तो आपणहून निवू द्यायचा. त्यानंतर अक्कांनी मला एक युक्ती सांगितली. तळाशी पाण्यात एक छोटी स्टीलची वाटी उपडी टाकायची. पाणी उकळतंय तोवर ती खुळखुळत राहते. पाणी संपत आलं की आवाज मंदावतो आणि थांबतो. तेव्हापासून माझ्या कुकरमध्ये वाटी असते आणि मी दुसऱ्या खोलीत असले तरी तिचा खुळखुळाट कानावर असतो.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. मध्यम आचेवर मिनिटाला साधारण वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी नळीतून हवेत जातं. बारा मिनिटांत अडीच-तीनशे मिलिलिटर, त्याशिवाय इडल्यांनी प्यायलेलं अर्धी वाटी आणि घड्याळ लावायच्या आधी गेलेलं थोडं. अर्ध्या लिटरात एक घाणा निघतो, दुसरा निघत नाही. दर घाण्याला दोन पेले पाणी घाला, आणि ते उकळतं घाला, म्हणजे पुढच्या स्टँडला पुन्हा पहिल्याच मिनिटात वाफ भिडेल.

घड्याळ वाजलं, चकाकी गेली, सुरी स्वच्छ निघाली, तरी इडल्या लगेच काढू नका. गॅस बंद करून झाकण उघडा, स्टँड बाहेर काढा आणि तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या. उकळीच्या तापमानाला स्टार्च अजून चिकट असतो, चमच्याने काढायला गेलात तर निम्मी इडली खळग्यातच राहते. थोडी निवली की तो घट्ट होतो आणि कडा खळग्यापासून स्वतःहून केसभर सुटतात. ती बारीक फट दिसली की चमचा पाण्यात बुडवा, कडेने आत सरकवा आणि एकदाच गोल फिरवा.